आधी तपासा, मग तापवा

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एखादा द्रव शुद्ध करायचा म्हटले की पहिला उपाय सुचतो तो ऊर्ध्वपातनाचा. द्रव उकळायचा, वाफ थंड करून दुसऱ्या भांड्यात धरायची आणि घाण मागे सोडायची. बहुतेक द्रवांना हा रिवाज चालतो. ईथर आणि टेट्राहायड्रोफ्युरान, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत टीएचएफ, यांच्या बाबतीत मात्र मागे राहणारी घाणच स्फोटक असू शकते. द्रव पाण्यासारखा नितळ दिसतो, ईथरच्या उग्र वासापुढे दुसरा कसलाही वास जाणवत नाही, आणि चंबूच्या तळाशी शेवटचे चार चमचे उरलेले असताना चंबूच्या ठिकऱ्या उडतात.

हे द्रव तसे परके नाहीत. 1846 मध्ये बोस्टनला विल्यम मॉर्टन यांनी रुग्णाला बेशुद्ध करून शस्त्रक्रिया होऊ शकते हे दाखवले ते ईथरच्याच वाफेने. आज भूल देण्यासाठी ते मागे पडले असले, तरी धान्य, पेंड, पशुखाद्य यांतली चरबी मोजताना कित्येक प्रयोगशाळांत ईथरच वापरतात, आणि एमएस्सीच्या विद्यार्थ्याला ग्रिन्यार अभिक्रिया करायची तर ईथर किंवा टीएचएफवाचून गत्यंतर नसते. टीएचएफ तर पीव्हीसीचे पाइप जोडणाऱ्या सॉल्व्हंट सिमेंटमध्येही असते. प्रयोगशाळेच्या कपाटात या दोघांशेजारी ‘पेट्रोलियम ईथर’ नावाची बाटलीही असते, पण तिच्यात निव्वळ हायड्रोकार्बने असतात. तिला आग लागण्याची भीती आहे. इथे सांगायचा धोका तिच्यात नाही.

बंद बाटलीत काय घडते

ईथरच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू दोन कार्बन अणूंच्या मध्ये बसलेला असतो. या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो. हवेतला ऑक्सिजन तिथे शिरतो आणि ऑक्सिजनची जोडगोळी असलेला नवा रेणू तयार होतो. हेच पेरॉक्साइड. ही साखळी अभिक्रिया आहे: एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो. उजेडाने तिला चालना मिळते, म्हणून या बाटल्या तपकिरी काचेच्या असतात. पण काच उजेड अडवते, हवा नाही. बाटली अर्धी रिकामी झाली की उरलेल्या जागेत हवा भरते, आणि प्रत्येक वेळी झाकण उघडले की ती ताजी होते.

हे रोखण्यासाठी कंपन्या द्रवात थोडे बीएचटी घालतात. पॅकबंद खाद्यपदार्थ खवट होऊ नयेत म्हणून वापरतात तेच हे रसायन. टीएचएफमध्ये त्याचे प्रमाण साधारणपणे लिटरला 250 मिलिग्रॅम असते. बीएचटी स्वतः खर्च होऊन साखळी तोडते, म्हणजे ते कधीतरी संपते. शिवाय काही उपकरणांसाठी विकले जाणारे टीएचएफ मुद्दाम बीएचटीशिवाय भरलेले असते, कारण ते मापनात लुडबुड करते. अशी बाटली उघडली की तिच्या रक्षणाला कोणीच उरत नाही. फ्रीजमध्ये ठेवल्याने अभिक्रिया मंदावते, पण थांबत नाही. आणि घरगुती फ्रीजच्या आतल्या ठिणगीने ईथरची वाफ पेटू शकते, तो धोका वेगळाच.

आटवण्याचा हिशेब

पेरॉक्साइडाचा उत्कलनबिंदू मूळ द्रवापेक्षा बराच वरचा असतो. ईथर 34.6 अंशांना उकळते, टीएचएफ 66 अंशांना. बासुंदी आटवताना पाणी उडून जाते आणि साखर मागे राहते, तसे इथे ईथर निघून जाते आणि पेरॉक्साइड चंबूत दाटत जाते.

एक उदाहरण घेऊ. वर्षभरापूर्वी उघडलेल्या बाटलीत 400 मिलिलिटर ईथर उरले आहे आणि त्यात पेरॉक्साइड लिटरला 30 मिलिग्रॅम आहे. म्हणजे सगळे मिळून 12 मिलिग्रॅम. ऐकायला हे काहीच नाही. पण ईथर उडवत उडवत 4 मिलिलिटरवर आणले तर तेच प्रमाण लिटरला 3000 मिलिग्रॅम होते, शंभरपट. त्यात आणखी एक मेख आहे. चाचणीचा आकडा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या हिशेबात असतो. ईथरपासून बनलेल्या पेरॉक्साइडाचा रेणू वजनाने त्याच्या तिप्पट भरतो. म्हणजे चंबूत प्रत्यक्षात 35-40 मिलिग्रॅम स्फोटक उरते. आणि नेमक्या याच वेळी चंबूला थंड ठेवणारे उकळते ईथर संपत आलेले असते, त्यामुळे तळ तापू लागतो. दाटपणा आणि उष्णता एकदमच वाढतात.

काही ठिकाणी एक बाटली संपत आली की त्याच चंबूत दुसरी ओतून काम पुढे चालू ठेवतात. वेळ वाचतो, पण पहिल्या बाटलीचे पेरॉक्साइड चंबूतच असते. त्यात दुसरीचे, मग तिसरीचे मिसळते. प्रत्येक बाटली वेगवेगळी तपासली तर निर्धोक वाटेल. चंबूत मात्र तिघींची बेरीज असते. रोटाव्हॅपवर द्रावक उडवणे हेही याच जातीचे काम आहे. तिथे आपण द्रव ‘गोळा’ करत नसून ‘काढून टाकत’ असतो, म्हणून ते ऊर्ध्वपातन आहे हे ध्यानात राहत नाही. चरबी मोजण्याच्या पद्धतीतही ईथर उडवून उरलेली चरबी ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आसपास वाळवतात. जुने ईथर वापरले असेल तर त्या चरबीबरोबर पेरॉक्साइडही ओव्हनमध्ये जाते.

हात लावण्याआधी डोळ्यांनी

चाचणीसाठी झाकण उघडावे लागते, म्हणून ते उघडावे की नाही हे आधी ठरवायचे. बाटली न हलवता बाजूने टॉर्चचा उजेड पाडून आत पाहायचे. तळाशी स्फटिक, काचेवर पांढरे कण, द्रवाखाली तेलकट दाट थर किंवा झाकणाच्या कडेला साका दिसला, तर चाचणी करायची नाही. पेरॉक्साइडाचे स्फटिक घर्षणानेही फुटू शकतात आणि झाकणाच्या आट्यांत अडकलेल्या कणाला झाकण फिरवणे एवढे घर्षण पुरते. लेबलवर तारीखच नसलेली किंवा द्रव उडून तळाला गेलेली जुनी बाटलीही याच यादीतली. डायआयसोप्रोपिल ईथर नावाचा या घरातला भाऊबंद तर सर्वांत वाईट. त्यात असे स्फटिक आपोआप, न आटवताही, तयार होतात.

अशी बाटली सापडली तर ती जिथे आहे तिथेच राहू द्यायची, खोली रिकामी करायची, दाराला कुलूप लावून विभागप्रमुखांना आणि सुरक्षा अधिकाऱ्याला कळवायचे. पोलिसांचे बॉम्बशोधक पथक अशा कामासाठीच असते. ‘हळूच उचलून बाहेर ठेवतो’ असे म्हणणाऱ्या माणसाला थांबवणे हेही त्या क्षणीचे काम आहे.

दोन चाचण्या

बाटली दिसायला ठीक आणि तारीख माहीत असेल, तर फ्यूम हूडमध्ये, चष्मा आणि चेहऱ्यावर ढाल लावून, आसपास एकही ज्योत किंवा हॉट प्लेट चालू नसताना चाचणी घ्यायची. सोपा मार्ग चाचणीपट्टीचा. पट्टीच्या टोकावरच्या चौकोनात एक विकर आणि रंग देणारे द्रव्य असते. पट्टी ईथरमध्ये क्षणभर बुडवायची आणि ईथर पूर्ण उडून जाऊ द्यायचे. आता घाईत राहून जाणारी पायरी येते: चौकोनावर पाण्याचा एक थेंब टाकायचा, किंवा त्यावर हळूहळू श्वास सोडून त्याला ओल द्यायची. विकराला काम करायला पाणी लागते. कोरड्या पट्टीवर पेरॉक्साइड असले तरी रंग येत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. ओल दिल्यावर उमटलेला निळा रंग डबीवरच्या रंगपट्टीशी जुळवायचा. पट्ट्यांनाही मुदत असते. डबी कित्येक महिने उघडी पडलेली असेल, तर पाण्यात पातळ केलेल्या औषधी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबाने ती निळी होते का ते आधी पाहावे.

पट्ट्या नसल्या तर पोटॅशियम आयोडाइडची जुनी पद्धत आहे. 100 मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड 1 मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये ताजे तयार करायचे, त्यात 1 मिलिलिटर ईथर घालायचे, बूच लावून हलवायचे. पेरॉक्साइड असेल तर ते आयोडाइडपासून आयोडीन मोकळे करते आणि द्रावण पिवळे होते. फिकट पिवळा रंग म्हणजे साधारण लिटरला 10 ते 50 मिलिग्रॅम. गडद पिवळा किंवा तपकिरी म्हणजे 100 च्या पुढे. शेजारी दुसऱ्या परीक्षानळीत ईथर न घालता तेच द्रावण ठेवायचे. आयोडाइडचे द्रावण हवेनेही हळूहळू पिवळे पडते, आणि ही कोरी नळी नसेल तर तो पिवळेपणा ईथरच्या माथी मारला जातो. उलटही घडते. आयोडाइड कालचे असेल तर सगळेच पिवळे दिसते आणि खरी खूण त्यात बुडून जाते.

आकड्याचा अर्थ लावताना प्रयोगशाळा साधारणपणे तीन टप्पे मानतात. लिटरला 25 मिलिग्रॅमपर्यंत द्रव नेहमीच्या कामाला, म्हणजे न आटवता, वापरता येतो. 25 ते 100 च्या दरम्यान तो आटवायचा नाही. पेरॉक्साइड आधी काढायचे. 100 च्या पुढे गेला तर आपण शुद्धीकरणाच्या भानगडीत पडायचे नाही, घातक कचरा म्हणून तज्ज्ञांकडे द्यायचा. ऊर्ध्वपातनासाठी मात्र निकष याहून कडक आहे: चाचणीत रंग दिसला की थांबायचे, मग आकडा कितीही लहान असो.

हिराकस आणि ईथर

आपल्या उदाहरणातली बाटली 30 वर आहे, म्हणजे ती सुधारता येते. त्यासाठी लागते फेरस सल्फेट, आपल्याकडचे हिराकस. ऊस केवड्याने पिवळा पडला की शेतकरी फवारतात तेच, फक्त इथे शुद्ध प्रतीचे. त्यातले लोह पेरॉक्साइडाची ऑक्सिजन-जोडी तोडते आणि स्वतः फेरसचे फेरिक होते.

110 मिलिलिटर पाण्यात 6 मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल थोडे थोडे सोडायचे, पाणी आम्लात नव्हे, आणि त्यात 60 ग्रॅम हिरवट स्फटिक विरघळवायचे. द्रावण हिरवे असायला हवे. पिवळे-तपकिरी झालेले जुने द्रावण म्हणजे काम आधीच संपलेले लोह. त्याने काही होणार नाही. एक लिटर ईथरला या द्रावणाचे 10 ते 20 मिलिलिटर, 100 मिलिलिटर पाण्यात पातळ करून, असा जुना हिशेब आहे. आपल्या 400 मिलिलिटरना 8 मिलिलिटर द्रावण आणि 40 मिलिलिटर पाणी पुरेल.

हे सगळे एक लिटरच्या सेपरेटिंग फनेलमध्ये घालायचे. पहिल्यांदा नुसते हलके फिरवायचे, कारण हाताच्या उबेनेही ईथरची वाफ होते. फनेल उलटे धरून, तोटी चेहऱ्यापासून दूर हूडच्या आतल्या बाजूला ठेवून, ती उघडायची. ‘फुस्स’ करून दाब निघतो. असे दोन-तीनदा झाले की मग जोराने हलवायचे. थर वेगळे झाल्यावर खालचे पाणी पिवळसर झालेले दिसते. ते काढून टाकायचे आणि वरच्या ईथरची पुन्हा पट्टीने चाचणी घ्यायची. रंग आला तर ताजे द्रावण घालून पुन्हा. चाचणी कोरी आल्यावरच ईथर पाण्याने धुऊन, निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर रात्रभर ठेवून, गाळून घ्यायचे. पाण्याचा निचरा करताना त्यात विरघळलेले ईथर असते हे विसरून ते मोरीत ओतू नये.

टीएचएफची गोष्ट वेगळी

ही युक्ती टीएचएफला चालत नाही, कारण ते पाण्यात पूर्ण मिसळते. फनेलमध्ये दोन थर होणारच नाहीत. त्यासाठी सक्रिय ॲल्युमिनाचा स्तंभ वापरतात. 100 ग्रॅम ॲल्युमिना लांब, बारीक काचनळीत भरायचे आणि 100 ते 400 मिलिलिटर टीएचएफ त्यातून सावकाश खाली येऊ द्यायचे. पेरॉक्साइड ॲल्युमिनाला चिकटते, काही अंशी तिथे मोडतेही. खाली जमणारा द्रव सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा तपासायचा. सुरुवातीला कोरा आणि शेवटी निळा निघाला तर स्तंभाची ताकद संपली असे समजायचे.

यात गफलत होते ती काम संपल्यावर. वापरलेल्या ॲल्युमिनात न मोडलेले पेरॉक्साइड अडकलेले असू शकते. ते वाळवून कचऱ्याच्या डब्यात टाकणे म्हणजे धोका एका भांड्यातून दुसऱ्यात नेणे. स्तंभ कोरडा पडण्याआधीच त्यावर आम्लयुक्त फेरस सल्फेट सोडून तो निवळू द्यायचा. स्तंभातून बीएचटीही बऱ्याच अंशी निघून जाते, म्हणून गाळलेले टीएचएफ साठवायचे नसून वापरायचे असते.

जुन्या पुस्तकांत टीएचएफ कोरडे करण्यासाठी त्यावर घन पोटॅशियम हायड्रॉक्साइड ठेवण्याची रीत सापडते. पेरॉक्साइड असलेल्या टीएचएफला तीव्र अल्कली लावल्याने गंभीर स्फोट झाले आहेत, आणि ‘ऑर्गॅनिक सिंथेसिस’ या प्रमाण ग्रंथमालेने त्याबद्दल स्पष्ट इशारा छापलेला आहे. तेव्हा कोरडे करण्याआधीही तपासणे तितकेच आवश्यक.

चाचणी कोरी आली तरी

या दोन्ही चाचण्यांना एक आंधळी बाजू आहे. ताज्या पेरॉक्साइडांपैकी बहुतेक हायड्रोपेरॉक्साइड प्रकारची असतात आणि ती पट्टीला व आयोडाइडला सापडतात. पण जुन्या द्रवात त्यांचेच पुढे रूपांतर होऊन वलयाकार किंवा साखळीसारखी पेरॉक्साइडे तयार होतात. ती आयोडाइडशी फार हळू वागतात किंवा वागतच नाहीत, आणि फेरस सल्फेटलाही दाद देत नाहीत. म्हणून कोऱ्या पट्टीचा अर्थ ‘यात काहीच नाही’ असा घ्यायचा नाही. ‘पट्टीला दिसण्यासारखे काही नाही’ एवढाच घ्यायचा.

त्यामुळेच ऊर्ध्वपातनाचा शेवटचा नियम चाचणीवर अवलंबून नाही. चंबूत 10 ते 20 टक्के द्रव कायम शिल्लक ठेवायचा. आपल्या 400 मिलिलिटरमधले 60-80 मिलिलिटर मागे सोडायचे. त्याचा मोह धरायचा नाही. तापवायचे ते वॉटर बाथवर, हीटिंग मँटलवर नव्हे, म्हणजे द्रव संपत आला तरी तळ पाण्यापेक्षा जास्त तापणार नाही. हूडची काच खाली ओढलेली असावी. चंबूत हवेचे बुडबुडे सोडायचे नाहीत. वायू लागलाच तर नायट्रोजन. आणि जमा झालेल्या द्रवात, पुढच्या अभिक्रियेला चालत असेल तर, थोडे बीएचटी परत घालायचे. ते जड असल्यामुळे चंबूतच राहिलेले असते. आपण शुद्ध केलेले ईथर विकतच्या ईथरपेक्षा जास्त लवकर बिघडते ते यामुळेच.

महाविद्यालयांच्या रसायन विभागांना आणि अन्नतपासणीच्या छोट्या प्रयोगशाळांना यासाठी मोठा खर्च नाही. बाटलीवर आल्याची आणि उघडल्याची अशा दोन तारखा मार्करने लिहा. अडीच लिटरची एक बाटली वर्षभर पुरवण्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या बाटल्या मागवा आणि उघडलेली सहा महिन्यांत संपवा. पट्ट्यांची एक डबी ईथरच्या कपाटाशेजारीच ठेवा आणि तपासल्याची तारीख व आकडा त्याच लेबलवर नोंदवा. ज्या बाटलीवर या नोंदी नाहीत तिच्यातला द्रव चंबूत ओतू नका, मग तो कितीही नितळ दिसो.